चार ओळींचे पत्र आणि दोन पानांचे पत्र: गृहनिर्माण संस्थेत ई-वाहन चार्जिंगची परवानगी कशी मिळाली

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागातली ही सहकारी गृहनिर्माण संस्था. इमारती बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या, चार विंग, ८४ सदनिका आणि खाली खांबांवर उभे असलेले स्टिल्ट पार्किंग. प्रत्येक विंगच्या तळमजल्यावर एक मीटर रूम आहे. तिथून प्रत्येक सदनिकेची केबल डक्टमधून वर जाते. महाराष्ट्राच्या २०२१ च्या ई-वाहन धोरणाने नव्या निवासी इमारतींमध्ये किमान २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार ठेवायला सांगितले होते, पण या इमारती त्याआधीच्या. त्यामुळे पार्किंगमध्ये चार्जिंगसाठी ना नळी टाकलेली होती, ना जादा वीजभार गृहीत धरलेला होता.

पाचव्या मजल्यावरच्या एका सदनिकाधारकाने विद्युत कार नोंदवली. गाडी हाती येण्यास साधारण दोन महिने होते. सर्वसाधारण सभेने रीतसर वाटप केलेली पार्किंगची जागा त्यांच्याकडे होती आणि वाटपपत्रही होते. हा मुद्दा किरकोळ नाही. ज्या संस्थांत गाड्या जास्त आणि जागा कमी असल्याने दरवर्षी चिठ्ठ्या टाकून पार्किंग फिरवतात, तिथे एका जागेपाशी पक्की केबल आणण्याला अर्थ उरत नाही. तिथे वेगळाच विचार करावा लागतो.

पहिले पत्र आणि अडलेले उत्तर

नोव्हेंबरमध्ये सदनिकाधारकाने सचिवांना चार ओळींचे पत्र दिले. आपण विद्युत कार घेत आहोत, सरकार अशा वाहनांना प्रोत्साहन देत आहे, तरी आपल्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसवण्यास परवानगी द्यावी, ही विनंती. पत्राची पोच घेतलेली नव्हती.

समितीच्या मासिक बैठकीत विषय निघाला आणि लगेच प्रश्न सुरू झाले. वीज कुणाच्या मीटरवरून? केबल कुठून नेणार? आग लागली तर जबाबदार कोण? उद्या चाळीस जणांनी मागितले तर? पत्रात यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. उत्तर नसले की समिती जे करते तेच झाले: "धोरणात्मक विषय असल्याने वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा" असा निर्णय इतिवृत्तात नोंदला गेला. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ही सभा घ्यावी लागते. नोव्हेंबरच्या अर्जाला त्यामुळे दहा महिने थांबावे लागणार होते.

सदनिकाधारकाला हा नकार वाटला. समितीच्या दृष्टीने तो नकार नव्हता. निर्णय घेण्यासाठी हातात काहीच नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खरे होते.

अडचण नेमकी कुठे होती

असे अर्ज अडतात तेव्हा वाद गाडीवर सुरू होतो, पण गाडी कोणती घ्यावी हा समितीचा विषयच नाही. समितीपुढचा खरा प्रश्न लहान आणि नेमका असतो: एका सभासदाची एक केबल सामायिक जागेतून जाणार आहे, तिला वाट द्यायची का आणि कोणत्या अटींवर? अर्जाने प्रश्न या आकारात मांडला, तर समितीला तो आपल्या अधिकारात हाताळता येतो. "चार्जिंग पॉइंटला परवानगी द्या" एवढेच लिहिले, तर तो सगळ्या संस्थेचा धोरणात्मक प्रश्न होऊन बसतो.

इथे पहिला निर्णयबिंदू आला. सदनिकाधारकापुढे दोन मार्ग होते. उपनिबंधकांकडे तक्रार करणे, किंवा पूर्ण माहितीसह नवा अर्ज देणे. तक्रारीसाठी आधार कमकुवत होता, कारण पहिला अर्ज अपुरा होता आणि त्याची पोचही नव्हती. त्यांनी दुसरा मार्ग घेतला आणि पत्र लिहिण्याआधी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून जागेची पाहणी करून घेतली.

विचारात घेतलेले पर्याय

पाहणीतून सर्वांत मोठा प्रश्न पुढे आला, तो वीज कुठून घ्यायची हा. तीन वाटा होत्या.

पहिली वाट संस्थेच्या सामायिक मीटरची. पार्किंगमधले दिवे ज्या पॅनेलवरून चालतात ते खांबापासून जवळ होते, केबल जेमतेम १२ मीटर लागली असती, आणि सब-मीटर लावून दरमहा वसुली करता आली असती. सोपी दिसणारी ही वाट पुढे सर्वांत जास्त भांडणे लावते. सामायिक मीटरचा वापर लिफ्ट आणि पंपांमुळे आधीच महिन्याला ५०० युनिटांच्या वर असतो, म्हणून गाडीचे प्रत्येक युनिट सर्वांत महागड्या टप्प्यात पडते. सब-मीटरचे युनिट कोणत्या दराने लावायचे यावर दरमहा वाद होतो. शिवाय सामायिक मीटरचा मंजूर भार वाढवायचा झाला तर खर्च संस्थेचा, आणि संस्थेचा खर्च म्हणजे पुन्हा सर्वसाधारण सभा.

दुसरी वाट गाडीसाठी स्वतंत्र वीजजोडणीची. वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ग्राहकाला ई-वाहनासाठी वेगळी जोडणी मागता येते. घराचा वापर आणि गाडीचा वापर वेगळे राहतात, हा मोठा फायदा. पण या विंगच्या मीटर रूममधले पॅनेल पूर्ण भरलेले होते. नवे मीटर बसवायचे तर भिंतीवर नवी चौकट, मुख्य बसबारवरून नवा फाटा, आणि तो फाटा काढताना सगळ्या विंगची वीज काही तास बंद. एका गाडीसाठी हे जास्त होते. पाच-सहा गाड्या एकदम येणार असत्या, तर हीच वाट बरोबर ठरली असती.

तिसरी वाट सदनिकेच्या स्वतःच्या मीटरची. मीटर तळमजल्यावरच असल्याने, मीटरच्या पुढे सदनिकेकडे जाणाऱ्या केबलच्या सुरुवातीला एक फाटा काढून तो पार्किंगपर्यंत न्यायचा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या विद्यमान जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करता येते. बिल सदनिकेचेच, म्हणून संस्थेच्या हिशेबाला हात लागत नाही. हीच वाट निवडली गेली.

लगेच दुसरा प्रश्न आला: चार्जर ३.३ किलोवॅटचा की ७.४ किलोवॅटचा? सदनिकेचा मंजूर भार ४ किलोवॅट होता. ७.४ किलोवॅटचा चार्जर एकटाच ३२ अँपिअर ओढतो. त्यात घरातला गीझर आणि एसी मिळवला की एक-फेज जोडणी पुरत नाही, तीन-फेज मीटर घ्यावे लागते. ३.३ किलोवॅटचा चार्जर साधारण १४ ते १५ अँपिअर घेतो. मंजूर भार ४ वरून ७ किलोवॅट केला की एक-फेजमध्येच भागते. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे रोजचे ३३ किलोमीटर. त्यासाठी रोज पाच-साडेपाच युनिट लागतात, आणि ती ३.३ किलोवॅटवर दोन तासांच्या आत भरतात. रिकामी बॅटरी पूर्ण भरायला रात्र लागते खरी, पण रोज रिकामी बॅटरी घेऊन कुणी घरी येत नाही. लोक इथे गरजेपेक्षा मोठा चार्जर मागतात आणि अर्ज स्वतःहून अवघड करून घेतात.

बिलाचा हिशेबही आधीच मांडून ठेवला. घराचा वापर महिन्याला १८० युनिटांच्या आसपास, गाडीचे चार्जिंगमधली गळती धरून १६०, एकूण ३४०. म्हणजे ३०० युनिटांच्या वरची फक्त ४० युनिटे पुढच्या महाग टप्प्यात गेली.

दुसरे पत्र

जानेवारीत दिलेल्या पत्राचा मजकूर, ओळख पटेल असे तपशील वगळून, असा होता:

प्रति,
मा. सचिव,
व्यवस्थापक समिती,
(संस्थेचे नाव) सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, पुणे.

विषय: माझ्या सदनिकेच्या वीजमीटरवरून मला वाटप झालेल्या पार्किंगपर्यंत केबल नेऊन ई-वाहन चार्जिंग पॉइंट बसवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: माझे नोव्हेंबरमधील पत्र व त्यावरील समितीचा निर्णय.

महोदय,

मी ब विंगमधील सदनिकेचा मालक व संस्थेचा सभासद आहे. सर्वसाधारण सभेने वाटप केलेली पार्किंगची जागा माझ्याकडे असून वाटपपत्राची प्रत सोबत जोडली आहे. माझ्या पहिल्या पत्रात आवश्यक तपशील नव्हते. ते या पत्रात देत आहे.

१. वीज माझ्या सदनिकेच्या मीटरवरूनच घेतली जाईल. संस्थेच्या सामायिक मीटरवर कोणताही भार येणार नाही. मंजूर भार ४ वरून ७ किलोवॅट करण्यासाठी मी महावितरणकडे स्वखर्चाने अर्ज करीन आणि भारवाढ मंजूर होईपर्यंत चार्जिंग सुरू करणार नाही.

२. चार्जर ३.३ किलोवॅट क्षमतेचा, एक-फेज असेल. मीटर रूममध्ये मीटरच्या पुढे स्वतंत्र दोन-पोल एमसीबी बसेल. मीटरच्या सीलला हात लावला जाणार नाही; लागल्यास ते काम महावितरणच्या कर्मचाऱ्यांकडूनच होईल. पार्किंगच्या खांबावर बंद पेटीत वीजगळती होताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची, टाइप ए आरसीसीबी आणि कुलूप लागणारे सॉकेट असेल. सॉकेट जमिनीपासून एक मीटर उंचीवर असेल.

३. केबल तीन-कोअर, तांब्याची, ६ चौरस मिलिमीटर, आर्मर्ड असेल. तिचा मार्ग सोबतच्या नकाशात लाल रेषेने दाखवला आहे. केबल तुळईच्या खालच्या कडेने, कुणाच्याही गाडीच्या उंचीच्या वरून जाईल. गॅसच्या पाइपपासून आणि जिन्याच्या दारापासून ती दूर ठेवली आहे. भिंतीतून जाताना पडलेले छिद्र अग्निरोधक साहित्याने बुजवले जाईल.

४. काम परवानाधारक विद्युत ठेकेदार करील. काम पूर्ण झाल्यावर इन्सुलेशन आणि अर्थिंगच्या मोजमापांसह त्यांचा चाचणी अहवाल संस्थेस देईन. त्यानंतर दरवर्षी एकदा तपासणी करून अहवाल देईन.

५. बसवणी, देखभाल, दुरुस्ती आणि या बसवणीमुळे सामायिक मालमत्तेचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई ही माझी जबाबदारी राहील. तसे हमीपत्र सोबत आहे. सदनिका विकल्यास नव्या मालकाकडून असेच हमीपत्र घेतले जाईल, किंवा मी स्वखर्चाने बसवणी काढून घेईन.

६. पुढे अन्य सभासदांनाही चार्जिंगची गरज पडेल हे लक्षात घेऊन मी ज्या केबल ट्रेमधून केबल नेणार आहे, ती आणखी पाच केबल मावतील इतक्या रुंदीची ठेवीन. ट्रेचा खर्च माझा असेल आणि ती संस्थेच्या मालकीची राहील. संस्थेने पुढे सामायिक चार्जिंग व्यवस्था उभारली, तर तिच्याशी जुळवून घेण्यास माझी तयारी आहे.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासस्थानी विद्यमान वीजजोडणीवरून स्वतःचे वाहन चार्ज करता येते. संस्थेकडून मला फक्त सामायिक जागेतून केबल नेण्याची परवानगी हवी आहे. यात संस्थेचा कोणताही खर्च नसल्याने समितीने आपल्या पुढील मासिक बैठकीत निर्णय घेऊन तो मला लेखी कळवावा, आणि काही अटी घालायच्या असल्यास त्या नमूद कराव्यात, ही विनंती. बैठकीत विचारण्याजोगे तांत्रिक प्रश्न असल्यास ठेकेदारासह हजर राहण्यास मी तयार आहे.

आपला विश्वासू,
(सही, सदनिका क्रमांक, दिनांक)

सोबत: पार्किंग वाटपपत्र, केबल मार्गाचा नकाशा, ठेकेदाराचा परवाना व अंदाजपत्रक, ताजे वीजबिल, हमीपत्र.

पत्राची दुसरी प्रत संस्थेच्या कार्यालयातून शिक्का आणि तारीख घेऊन परत घेतली.

या पत्रात तीन गोष्टी काम करून गेल्या. परवानगी कशाची हवी ते शेवटच्या परिच्छेदात एका वाक्यात आले. "अटी घालायच्या असल्यास नमूद कराव्यात" या शब्दांनी समितीला होकार आणि नकार यांच्या मधली जागा मिळाली. बहुतेक समित्यांना तीच हवी असते. आणि सहावा मुद्दा. "उद्या सगळ्यांनी मागितले तर" हा प्रश्न अर्जदाराने स्वतःच उचलला आणि त्यावर काहीतरी ठोस देऊ केले. ट्रेचा जादा खर्च फार नव्हता, पण पहिल्या सभासदाने सगळी जागा अडवली असे म्हणायला त्यामुळे कुणाला वाव राहिला नाही.

समितीची बैठक

फेब्रुवारीच्या बैठकीत अर्जदार ठेकेदारासह हजर राहिले. बराच वेळ आगीच्या भीतीवर गेला. बातम्यांत दिसणाऱ्या गाड्यांच्या आगी आणि घरगुती चार्जिंगचा धोका हे वेगळे विषय आहेत, हे समजावून सांगावे लागले. ३.३ किलोवॅटवर रात्रभर चार्जिंग करताना खरा धोका असतो तो सैल स्क्रूचा. १५ अँपिअर सलग आठ तास वाहतात. गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो, म्हणून त्याचे सैल टर्मिनल वर्षानुवर्षे निभावून जाते. गाडीच्या सॉकेटमध्ये तेच टर्मिनल काही आठवड्यांत काळे पडते आणि प्लॅस्टिक वितळू लागते. दुसरा धोका पहिल्या मजल्याच्या खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डचा. विद्युत सुरक्षेच्या नियमांत चार्जिंगसाठी अशी जोडवायर वापरायला मनाई आहे. परवानगी न मिळालेले लोक नेमके हेच करतात, हा मुद्दा खजिनदारांनीच मांडला आणि चर्चेची दिशा बदलली.

वीजभाराच्या प्रश्नाला उत्तर सोपे होते. प्रत्येक सभासदाने भारवाढीचा अर्ज महावितरणकडे करायचा, आणि ट्रान्सफॉर्मरला तो भार झेपतो की नाही हे पाहणे त्यांचे काम. समितीने तो अंदाज बांधण्याची गरज नाही. समितीने फक्त मंजुरीची प्रत मागायची.

दुसरा निर्णयबिंदू होता तो अधिकाराचा. ही परवानगी समितीला देता येते, की सर्वसाधारण सभेलाच? समितीने मधला मार्ग काढला. संस्थेचा खर्च नाही, पार्किंगच्या वाटपात बदल नाही, म्हणून या एका अर्जाला समितीने परवानगी द्यायची. पुढच्या अर्जांसाठी सामायिक नियमावली मात्र सप्टेंबरच्या सभेत ठेवायची. हा निर्णय योग्य होता असे आम्हाला वाटते. नियमावली नाही म्हणून पहिला अर्ज अडवला, तर नियमावली कशी असावी हे कळायला अनुभवच मिळत नाही.

समितीने दोन अटी जोडल्या. संस्थेच्या इमारत विम्याच्या कंपनीला बसवणीची लेखी माहिती द्यायची, आणि मीटर रूममधल्या नव्या एमसीबीवर सदनिका क्रमांकाची पट्टी लावायची, म्हणजे अडचणीच्या वेळी रखवालदारालाही ती बंद करता येईल. दुसरी अट विशेष चांगली होती.

प्रत्यक्ष काम आणि त्यातल्या अडचणी

भारवाढ मंजूर झाल्यावर मार्चमध्ये काम झाले. चार ठिकाणी ते अडले.

पहिली अडचण केबलची. ठेकेदाराचे सुरुवातीचे अंदाजपत्रक मीटर रूम ते पार्किंग २४ मीटर धरून केलेले होते, तेही २.५ चौरस मिलिमीटरच्या केबलचे. ते सरळ रेषेचे अंतर होते. गॅसचा पाइप टाळून, तुळयांच्या कडेने, चढ-उतार धरून मार्ग भरला ५० मीटर. इतक्या अंतरावर २.५ ची केबल १५ अँपिअरला सुमारे ११ व्होल्ट खाते आणि दीडशेहून जास्त वॅट केबलमध्येच उष्णता म्हणून जातात. ६ ची केबल साडेचार-पाच व्होल्टच घेते. एकूण खर्चाचा जवळपास निम्मा भाग केबलचा होता, म्हणून बचत करायचा मोह इथेच होतो. पत्रात ६ चौरस मिलिमीटर लिहून दिलेले असल्याने ठेकेदाराला तिथे हात आखडता घेता आला नाही.

या जाड केबलनेच दुसरी अडचण आणली. ६ चौरस मिलिमीटरची तार १६ अँपिअरच्या सॉकेटच्या टर्मिनलमध्ये नीट बसत नाही. कारागीर मग चार-पाच तारा कापून उरलेल्या आत कोंबतो, आणि सैल टर्मिनलची सुरुवात तिथूनच होते. इथे केबल पेटीतल्या आरसीसीबीच्या मोठ्या टर्मिनलवर संपवली आणि तिथून सॉकेटपर्यंत वीतभर लांबीच्या ४ चौरस मिलिमीटरच्या तारा टोकांना फेरूल, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, लावून नेल्या.

तिसरी अडचण आरसीसीबीची. बसवलेली आरसीसीबी चुकीच्या प्रकारची निघाली. घरात सर्रास वापरतात ती टाइप एसी असते. गाडीच्या चार्जरमधून होणाऱ्या स्पंदित डीसी गळतीला ती दाद देईलच असे नाही. ओळखायचे कसे, तर तिच्या दर्शनी भागावर नुसती लाटेची खूण असते. टाइप ए वर लाटेखाली तुटक अर्धलाटांची दुसरी खूण असते. संस्थेच्या वतीने काम पाहणाऱ्या सभासदाने पत्र हातात धरून खूण पडताळली, म्हणून हे लक्षात आले. इथे हेही सांगायला हवे की सदनिकेत वर बसवलेली आरसीसीबी या फाट्याला संरक्षण देत नाही. फाटा मीटरपाशीच निघतो, ती वर पाचव्या मजल्यावर आहे. "घरात आहे ना, मग पुन्हा कशाला" असे म्हणणारा कारागीर भेटतोच.

चौथी अडचण सर्वांत जास्त वेळ खाणारी होती. सगळे जोडल्यावर गाडी चार्जच होईना. चार्जरवर अर्थिंगचा लाल दिवा. सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ९ व्होल्ट दिसत होते, जे दोन-तीनच्या आत असायला हवेत. मीटर रूमच्या अर्थिंगची पट्टी जमिनीपाशी गंजून जवळजवळ तुटली होती आणि खड्ड्याचा रोध ११ ओहम भरला. म्हणजे त्या विंगमधल्या सर्वच सदनिकांचे अर्थिंग कित्येक वर्षे नावापुरते होते. गाडीचा चार्जर अर्थ तपासूनच चालू होतो, मिक्सर आणि फ्रिज तपासत नाहीत, म्हणून कुणाला कळले नव्हते. दुरुस्ती सामायिक असल्याने तिचा खर्च संस्थेने केला. नवा इलेक्ट्रोड आणि नवी पट्टी बसल्यावर रोध ३ ओहमच्या आत आला आणि चार्जिंग सुरू झाले.

परिणाम

दुसऱ्या अर्जापासून चार्जिंग सुरू होईपर्यंत सुमारे अडीच महिने गेले. समितीची बैठक आणि महावितरणची भारवाढ यांत बहुतेक काळ गेला. प्रत्यक्ष काम दोन दिवसांचे होते, अर्थिंगने त्यात आठवडा वाढवला. सप्टेंबरच्या सभेत हेच पत्र नमुना म्हणून मांडले गेले आणि त्यातले सहा मुद्दे थोड्या फेरफाराने नियमावली झाले. त्यानंतर आलेल्या दोन अर्जांना एकाच बैठकीत परवानगी मिळाली, आणि दोघांच्याही केबल त्याच ट्रेमधून गेल्या. बाकीच्या तीन विंगच्या अर्थिंगची तपासणीही संस्थेने करून घेतली.

वेगळे काय करता आले असते

गाडी नोंदवण्याआधी जागेची पाहणी करायला हवी होती. पाहणीचा खर्च गाडीच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि मीटर पॅनेल भरलेले आहे की नाही हे आधी कळले असते, तर स्वतंत्र जोडणीच्या चौकशीत गेलेले दिवस वाचले असते. त्याच पाहणीत अर्थिंग मोजले असते, तर संस्थेला तो दोष परवानगीच्या बैठकीतच कळला असता आणि दुरुस्ती कामाच्या आधी झाली असती. आता या संस्थेच्या नियमावलीत अर्जासोबत अर्थिंगचे मोजमाप मागितले जाते.

समितीला पहिल्या पत्रावरच "पुढील माहिती सादर करावी" असे लेखी उत्तर देता आले असते. सर्वसाधारण सभेचा आधार घेण्याऐवजी प्रश्नांची यादी पाठवली असती, तर दुसरे पत्र डिसेंबरमध्येच आले असते.

परवानगीपत्रात एक गोष्ट राहून गेली. सदनिका भाड्याने दिली आणि भाडेकरूची गाडी वेगळ्या क्षमतेची असली तर काय, याबद्दल त्यात काही नाही. केबल ६ चौरस मिलिमीटरची असल्याने कुणी परस्पर ३२ अँपिअरचा चार्जर लावला तरी ती लगेच जळणार नाही, पण ७ किलोवॅटचा मंजूर भार मात्र नक्की ओलांडला जाईल. पुढच्या दोन परवानग्यांमध्ये "चार्जरची क्षमता बदलायची झाल्यास नवा अर्ज" अशी ओळ घातली आहे. पहिल्या परवानगीत ती पुरवणी पत्राने जोडून घेणे अजून बाकी आहे.